माटी शे का चुल्हा?

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, रविवार, दुपारचे तीन. जळगावातला मे म्हणजे काय ते आपल्याकडच्या कुणाला सांगायला नको. मी डोक्याला ओला पंचा गुंडाळून गच्चीवर गेले तर माझ्या सगळ्यात लाडक्या भरीताच्या वांग्याच्या झाडाने मान टाकलेली. पानं खाली लोंबलेली, शेंड्याची कोवळी पानं तर अगदी सुती रुमाल भिजवून दोरीवर टाकल्यासारखी. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून पाइप सोडला. पहिलं मिनिटभर पाइपमधून जे आलं ते चहाचं आधण होतं, पण तेव्हा तेवढं डोकं चाललं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच, परत पाणी. तिसऱ्या दिवशी तर सकाळी सहालाच झाड माना टाकून उभं, आणि माती बोटाने दाबली तर चिखल. ओल्या मातीत उभं राहून झाड तहानेने मरतंय, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

त्याच आठवड्यात माय अमळनेरहून आली होती. माझ्या गच्चीवरच्या उद्योगांना ती एरवी हसते, पण त्या दिवशी मी हट्टाने तिला दुपारीच वर नेलं. तिने झाडाकडे पाहिलंच नाही. सरळ वाकून, झाड जिच्यात लावलं होतं त्या ग्रो बॅगेच्या कडेला, कापड आणि मातीच्या मधे, हाताची चार बोटं खुपसली आणि चटका बसल्यासारखी बाहेर काढली.

"हाई माटी शे का चुल्हा व माय?"

मी पण हात घातला. खरंच, कडेची माती गरम पाण्याच्या बादलीसारखी. चार इंच आत मधोमध जरा बरी, पण कोमटच. तेवढ्या दिवसांत मी पानं पाहिली, कीड पाहिली, पानामागे पांढरी माशी शोधली, खत बदलायचा विचार केला, फक्त मातीला हात लावून पाहिला नव्हता. वर ओली दिसते ना, मग झालं, असं.

ते झाड गेलंच. उपटलं तेव्हा मुळांचा गठ्ठा आख्खा बाहेर आला, पिशवीच्याच आकाराचा, आणि त्याची एक बाजू बघून मी तिथेच बसले. पूर्वेकडची मुळं पांढरी, जिवंत. पश्चिमेकडची, म्हणजे जिथे दुपारी बारापासून सहापर्यंत ऊन थेट कापडावर पडतं, ती सगळी तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येई, आत नुसता दोरा. मुळं कुंडीत भिंतीच्याच कडेने गोल गोल फिरतात, मधे कमी राहतात. म्हणजे झाडाचं तोंड नेमकं तव्याला चिकटलेलं. मातीचं तापमान पस्तीस-अडतीसच्या वर गेलं की मुळं पाणी ओढायची सुस्तावतात, आणि वरून पानं मात्र कोरड्या वाऱ्यात पाणी सोडतच राहतात. म्हणून मान टाकते. आपण समजतो तहान, ओततो पाणी, गरम चिखलात हवा राहत नाही, मग उरलेली मुळं कुजतात. आधी भाजायची, मग सडवायची. हे सगळं मी केलं होतं, प्रेमाने केलं होतं.

एक खूण तेव्हापासून मनात पक्की बसली. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सात-साडेसातला आपलं आपण उभं राहिलं तर हात लावायचा नाही, ते फक्त ऊन सोसतंय. सकाळी सहाला पण पडलेलंच असेल तर मात्र मामला मुळाशी आहे, आणि तेव्हा बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर सावली. पाणी नाही.

लहानपणी शेतात असं कधी पाहिलं नव्हतं, असं मला सारखं वाटायचं. दादांच्या मळ्यात (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) वांग्याचे वाफे असायचे, उन्हाळ्यात सुद्धा एखाद-दुसरी ओळ तग धरून असायची, पानं मलूल पण झाड जिवंत. तिथेही ऊन तेच, लू तीच. पण तिथे मुळाला पळायला जागा होती. वरची चार बोटं माती तापली तर ती खाली फूटभर सरकायची, आणि काळ्या जमिनीच्या पोटात उन्हाळाभर थोडा गारवा असतोच, अनवाणी पायाने भेगेत पाय अडकला की तो गारवा तळव्याला लागायचा, मला अजून आठवतो. पिशवीतल्या मुळाने पळायचं कुठे? बारा बाय बाराच्या बॅगेत माती मावते साधारण २२ लिटर, म्हणजे एक मोठी बादली आणि वर थोडी. त्यातला कुठलाही कण घ्या, तो कुठल्या ना कुठल्या तापलेल्या बाजूपासून सहा इंचाच्या आतच असणार.

बॅगा मी कौतुकाने आणल्या होत्या, बाहेरून पांढऱ्या, आतून काळ्या, दुकानदाराने कापड ताणून दाखवलेलं, टॅटूसारखा २२० जीएसएम असा कापडाच्या वजनाचा आकडा छापलेला. स्वस्त, हलक्या, रिकाम्या असल्या की घडी करून कपाटात. एक गोष्ट कुणी सांगितली नाही की बॅगेच्या बुडाची भोकं स्लॅबवर दबली की बंदच होतात, खाली विटा नाहीतर स्टँड लागतंच. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांचे बंद ओढले की हातात येतात, कापडाचा पांढरा चुरा पडतो, तो मातीतून वेचता वेचता डोळे फुटतात. तेव्हा रागाच्या भरात मी ठरवलं की बॅगा बंद, आता सिमेंट.

सिमेंटचे टब शेजारच्या काकांकडून मिळाले, ते गाव सोडून मुलाकडे पुण्याला जाणार होते. चार टब, प्रत्येकी दीड फूट उंच, दोन बोटं जाड. वर चढवायला दोन माणसं आणि एक दुपार लागली, जिन्याच्या दोन पायऱ्यांचे कोपरे गेले. मला वाटलं आता जाड भिंत आहे, माती गार राहील, जुन्या घरांच्या जाड भिंतींसारखी. आणि खोटं कशाला बोलू, दुपारी एक-दोनपर्यंत ते खरंच वाटायचं. पण रात्री दहाला पाणी घालायला गेले आणि सहज टबाला हात टेकला तर तो उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळासारखा तापलेला. बॅग तापते लवकर आणि निवतेही लवकर, सिमेंट दिवसभर ऊन पोटात घेतं आणि रात्री झाडाला परत देतं. त्यामुळे मुळाला विसावा असा मिळतच नाही. शिवाय दुसऱ्याच वर्षी टबांच्या बाहेरून पांढरी पुटं दिसायला लागली, बोरिंगच्या जड पाण्याची. काकांच्या घरी गोड पाणी होतं, म्हणून त्यांना कधी दिसलं नसेल. महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून खालून वाहू दिलं की क्षार थोडे धुऊन जातात, पण उन्हाळ्यात तेवढं पाणी आणायचं कुठून हा प्रश्न असतोच.

टबात मी अजून एक चूक केली, मायेपोटी. दादांच्या मळ्यातली काळी माती पोत्याने आणून नुसती तीच भरली. माहेरची माती ना. ती ओली असते तोवर लोणी, आणि वाळली की आकसून टबाच्या भिंतीपासून सुटते, मधे बोटभर फट. मग वरून पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली, दहा सेकंदात भोकातून बाहेर, आणि मला वाटायचं वा, निचरा काय छान आहे. मधला गड्डा मात्र विटेसारखा कोरडा. जमिनीत जी माती सोनं, तीच डब्यात कोंडली की वीट. आता मी एक घमेलं काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट आणि अर्धं घमेलं नदीची जाड रेती घालते. काळ्या मातीशिवाय मात्र नाही, तेवढं माहेर राहू द्या.

वाफ्याची कल्पना तिथून आली. जमिनीवर वाफा चालतो तर गच्चीवर का नाही? आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. मी ह्यांना न विचारता, दिवाळीच्या सुट्टीत, गच्चीच्या मधोमध विटा लावून आठ फूट बाय तीन फूट, फूटभर उंच असा वाफा बांधून घेतला, खाली प्लॅस्टिकचा कागद, आणि वर तीच काळी माती. फार देखणा दिसत होता. मिस्त्री दुसऱ्या एका कामासाठी आले होते, त्यांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, याखाली बीम कुठाय?"

मला काय माहीत बीम कुठाय.

मग ते तिथेच बसून हिशेब करायला लागले, विटेच्या तुकड्याने फरशीवर. आठ गुणिले तीन गुणिले एक म्हणजे २४ घनफूट, म्हणजे जवळपास ६८० लिटर माती. ओली काळी माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास धरा. साडेअकराशे किलोच्या वर गेलं, विटा वेगळ्या. हे वजन सव्वादोन चौरस मीटरवर, म्हणजे मीटरला पाचशे किलो. आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीचं डिझाइन करताना आयएस ८७५ या इमारतींवरच्या वजनाच्या भारतीय मानकाप्रमाणे मीटरला १५० किलोच धरतात. म्हणजे घराने जेवढं पेलायचं कबूल केलं होतं त्याच्या तिपटीहून जास्त मी एकाच जागी, नेमकं मधे, जिथे स्लॅब सगळ्यात जास्त वाकतो तिथे नेऊन ठेवलं होतं. पंधरा-वीस माणसं कायम तेवढ्याच जागेत दाटीवाटीने उभी आहेत समजा, असं मिस्त्री म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, खालच्या खोलीत छताकडे बघत पडले होते. वाफा काढायला दोन दिवस लागले. कागदाखालची फरशी दीड महिन्यातच ओलीगच्च होती, एका सांध्यातून पाणी खाली उतरायला लागलेलं. अजून एक पावसाळा गेला असता तर सळया गंजल्या असत्या.

आताचा वाफा वेगळा आहे. इंजिनिअरला बोलावून खालची भिंत कुठून जाते ते बघितलं, आणि त्या भिंतीच्या वरच, कठड्याला लागून, आठ फूट बाय दोन फूट, फूटभर खोल. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्याचे पाय स्लॅबपासून एक वीट उंच, म्हणजे खालून वारा जातो आणि झाडू पण. आत काय माहितीये? त्याच ग्रो बॅगेच्या कापडाची शिवून घेतलेली लांबुळकी खोळ. मिश्रण हलकं, ओलं असताना साधारण साडेचारशे किलो भरतं, ते पण भिंतीच्या डोक्यावर. मीटरच्या हिशेबाने अजूनही जास्तच आहे, म्हणून त्याच्या शेजारी टाकी नाही, टब नाही, काहीच नाही. ज्यांच्या घराचं बांधकाम जुनं आहे किंवा खाली भिंत कुठे आहे ते माहीत नाही त्यांनी हे बघून करू नये, एवढं मात्र हात जोडून सांगते.

आणि गंमत इथेच आहे. कापड तेच आहे की. मग पिशवीत वांगं भाजलं आणि इथे का नाही?

मागच्या मेमध्ये मी मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला आणि एक अख्खा दिवस गच्चीवर ये-जा केली, घरातल्यांनी नाद सोडला होता. बाहेर हवा ४४. तिन्हीकडे भरीताचं वांगं, तिन्हीकडे चार इंच खोल, दुपारी साडेतीनला. लहान बॅगेत पश्चिमेच्या कडेला ४७, मधे ४३. सिमेंटच्या टबात ४२. वाफ्यात मधे ३५. रात्री दहाला बॅग उतरून ३४ वर आलेली, टब अजून ३९, वाफा ३४ वरच, जणू त्याला दिवस-रात्र कळतच नाही. फरक कापडाचा नव्हताच, फरक घोळक्याचा आहे. वाफ्यातली मधली माती प्रत्येक बाजूपासून फूटभर लांब आहे, तिच्यापर्यंत ऊन पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शिवाय वर मी केळीची वाळलेली पानं तीन-चार बोटं अंथरते, ती आपल्याकडे रावेर-यावलकडून कुणीही आणून देतो, आणि पश्चिमेच्या बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्यांची ताटी बांधते, म्हणजे कापडाला ऊन लागतच नाही. लहान बॅगांना तेव्हा एक उपाय सापडला, गोणपाट. बॅगेभोवती गुंडाळून सकाळी आणि दुपारी ओलं करायचं. कुलर जसा चालतो तसंच, आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी उडून जाताना गारवा देऊन जातं. कडेचं ४७ उतरून ३८ झालं. कोकणात हा प्रकार चालणार नाही. इथे चालतो.

आता उलटी बाजू पण सांगायला हवी. वाफ्यातलं वांगं मेभर हिरवंगार होतं, मी सगळ्यांना दाखवत होते, पण एक फळ धरलं असेल तर शपथ. फुलं यायची आणि देठासकट गळायची. मुळं गार ठेवली म्हणून फुलाभोवतीची हवा थोडीच गार होते, त्या उष्णतेत परागच निकामी होतात. मायेने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वांगं हिवायानं, तू वैशाखमा काब्र जगाडी ऱ्हायनी?" भरीताचं वांगं म्हणजे जुलै-ऑगस्टला रोप लावायचं आणि थंडी पडली की खायचं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं, पण त्याची खरी बहार चंपाषष्ठीच्या आसपासच, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं, लाकडी बडजीत ठेचलेलं, कळण्याच्या भाकरीबरोबर. मे महिन्यात ते फक्त जगवायचं असतं. आता मी एप्रिलमध्ये झाड फूटभर ठेवून छाटते, पानंच कमी म्हटल्यावर पाणीही कमी उडतं, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर नवे फुटवे येतात. त्या खोडव्याची वांगी आकाराने जरा लहान, पण चव तीच. निदान मला तसं वाटतं, ह्यांना वाटत नाही.

टब आता वांग्यासाठी नाहीत. त्यांना बाहेरून चुन्याचे दोन हात दिले आणि एकात कढीपत्ता, एकात लिंबू, दोन टाकीच्या सावलीत गवती चहाला. मोठी, हळू वाढणारी झाडं त्यात बरी राहतात, जोराचा वारा आला तरी टब हलत नाही, मागच्या वादळात दोन बॅगा शेजारच्या पत्र्यावर गेल्या होत्या. आणि बॅगा टाकून द्यायच्या ठरवल्या होत्या त्या काही टाकवल्या नाहीत. मोठ्या, अठरा बाय अठराच्या दोन घेतल्या, त्यांत ७५ लिटर मावते आणि त्या उन्हाळाही बऱ्यापैकी काढतात. लहान दहा राहिल्या तशाच, मार्च ते जून रिकाम्या, माती पोत्यात.

या जानेवारीत माय परत आली होती. थंडी यंदा चांगली होती, सकाळी पारा दहाच्या खाली. दहा-साडेदहाला ती शाल गुंडाळून वर आली, मी वाफ्यात पालक बघत होते, तो आठ दिवसांत जेमतेम दोन बोटं वाढलेला. तिने सवयीने वाफ्यात हात घातला आणि काढून शालीत घेतला. मोठ्या वाफ्याला उन्हाळ्यात तापायला वेळ लागतो तसा थंडीत पण लागतो, दुपारपर्यंत तो गारच असतो. मग ती उत्तरेच्या कठड्यापाशी गेली, तिथे त्याच लहान बॅगा ओळीने, मेथी आणि कोथिंबीर, कापडावर सकाळचं तिरपं ऊन. मेथी वाफ्यातल्या मेथीच्या दीडपट. तिने कडेला बोटं खुपसली, तशीच, कापड आणि मातीच्या मधे. मी बघत होते, आता काय म्हणते.

हात काही बाहेर आला नाही. दुसरा पण शालीतून काढून शेजारच्या बॅगेत घातला.

"आठे बरं शे," ती म्हणाली, आणि चहा वरच आणायला सांगितला.